स्पॅनिश औषधपत्रकाचं प्रूफरीडिंग: डोसची संदिग्ध वाक्यं आणि औषधांची बदलती नावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आलेलं रुग्णपत्रक तपासणाऱ्यांसाठी हे पान आहे. पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकून भाषांतर-एजन्सीसाठी काम करणाऱ्या अनेकांकडे अशी पत्रकं येतात. उदाहरण म्हणून आपण एकच पत्रक घेऊ: अमेरिकेत मिळणारं लहान मुलांचं तापाचं पातळ औषध आसेतामिनोफेन, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, ५ मि.ली.मध्ये १६० मि.ग्रॅ. हे पत्रक वाचणारे म्हणजे तिथली स्पॅनिशभाषक कुटुंबं. खाली दिलेली नमुना वाक्यं सरावासाठी रचलेली आहेत. औषधाचे आकडे मात्र खरे आहेत.

तपासायला सुरुवात कुठून करायची? मूळ इंग्रजी शेजारी ठेवून ओळीने वाचत जायचं का?

नाही, पहिल्या वाचनात मूळ इंग्रजी बंदच ठेवा. इंग्रजी आधी वाचलं की बरोबर डोस डोक्यात बसतो आणि स्पॅनिश वाक्याचे दोन अर्थ निघत असले तरी डोळ्याला एकच दिसतो. रुग्णाच्या हातात मूळ मजकूर नसतो, म्हणून तुम्हीही त्याच्याच जागी बसून वाचा.

थेट डोसच्या भागावर जा. युरोपीय पत्रकात तो तिसरा विभाग असतो, ‘कोमो तोमार’ अशा शीर्षकाचा. अमेरिकेत बिनचिठ्ठीच्या औषधांवर तो ‘इन्स्त्रुक्सिओनेस’खाली, बहुतेकदा वजन-वयाच्या तक्त्यासह येतो. आता कागदावर पाच रकाने आखा: एका वेळी किती, दिवसातून किती वेळा, दोन डोसमध्ये कमीत कमी किती अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त किती, आणि किती दिवस. स्पॅनिश वाक्यावरून हे रकाने भरा. एखाद्या रकान्यात दोन आकडे बसत असतील किंवा काहीच लिहिता येत नसेल, तर तिथे दोष आहे. तो भाषांतरकाराचा की मुळातलाच, हे नंतर इंग्रजी उघडून बघायचं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

मूळ इंग्रजीचा आशय असा: २४ ते ३५ पौंड वजनाच्या मुलाला ५ मि.ली. द्या, गरज असल्यास दर ४ तासांनी पुन्हा द्या, २४ तासांत ५ वेळांपेक्षा जास्त देऊ नका. भाषांतर असं आलं:

```
Agite bien. Dé 1 cucharada (5 mL) cada 4 horas según su peso.
No dé más de 5 dosis diarias.
```

वाचायला सुरळीत आहे, व्याकरणाची चूकही नाही. तरी रकाने भरायला बसलं की चार ठिकाणी अडतं.

पहिलं ‘कुचारादा’. हा जेवणाचा मोठा चमचा, म्हणजे १५ मि.ली. पाच मि.ली.चा लहान चमचा म्हणजे ‘कुचारादीता’. मधली `it` ही दोन अक्षरं गळाली आणि मात्रा तिप्पट झाली: १६० मि.ग्रॅ.ऐवजी ४८० मि.ग्रॅ. बारा किलोच्या मुलाला प्रत्येक डोसला किलोमागे साधारण १३ मि.ग्रॅ.ऐवजी ४० मि.ग्रॅ. जातील, नेहमीची मर्यादा किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ.ची आहे. कंसात ५ मि.ली. लिहिलंय ना, असं म्हणून सोडून देऊ नका. घाईत वाचणारा चमचा हा शब्द उचलतो आणि स्वयंपाकघराकडे वळतो. चमच्याचं नाव सुधारण्यापेक्षा ते काढून फक्त मि.ली. ठेवणं चांगलं, कारण बाटलीसोबतच्या कपावर किंवा पिचकारीवर मि.ली.च्याच खुणा असतात.

दुसरं ‘सु पेसो’. ‘सु’ म्हणजे ‘तुमचं’, ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ही. पत्रक पालकांशी ‘उस्तेद’ धरून बोलतंय, तेव्हा वाक्याचा अर्थ ‘तुमच्या वजनाप्रमाणे’ असाही होतो. बालरोगाच्या प्रत्येक पत्रकात ‘सु’ शोधून काढा आणि जिथे मूल अभिप्रेत आहे तिथे ‘देल निन्यो’ असं स्पष्ट लिहायला सुचवा.

तिसरं, ‘गरज असल्यास’ गळालंय. त्यामुळे दर ४ तासांनी देणं हा हुकूम बनतो. चोवीस तासांत त्याचे सहा डोस होतात, आणि पुढचंच वाक्य पाचावर थांबायला सांगतं. पालकाला यातलं एक वाक्य मोडावंच लागतं.

चौथं ‘दिआरियास’, म्हणजे रोजचे. मुळात ‘२४ तासांत’ आहे. सोमवारी सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे पाच डोस झाले. मंगळवारी पहाटे २ वाजता तारीख बदललेली आहे, म्हणून पालक बिनघोर सहावा देतात. सोमवारी सकाळी सहापासून मोजलं तर २४ तासांत सहा झाले.

सुधारलेलं रूप असं सुचवता येईल:

```
Agite bien. Dé 5 mL por toma (niños de 24 a 35 libras).
Si hace falta, repita la toma cada 4 horas.
No dé más de 5 tomas en 24 horas.
```

दुसऱ्या ओळीत ‘किमान ४ तास थांबा’ असं लिहिलं तर वाक्य आणखी नेमकं होईल. पण मुळात ‘किमान’ नाही. तो बदल आपल्या हातातला नव्हे, क्लायंटला विचारण्याचा आहे.

काळ दाखवणाऱ्या शब्दांपैकी सगळ्यात धोकादायक कोणते?

जे एका देशात एक अर्थ देतात आणि दुसऱ्या देशात दुसरा. मेक्सिकोत ‘कादा तेर्सेर दिआ’ म्हणजे एक दिवसाआड. शब्दशः मात्र तो ‘दर तिसऱ्या दिवशी’ आहे, आणि इतर देशांतला वाचक दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी गोळी घेऊ शकतो. एक दिवसाआडसाठी ‘कादा दोस दिआस’ वापरा. औषध जोखमीचं असेल तर वारांची नावंच लिहायला सुचवा: सोमवार, बुधवार, शुक्रवार.

‘आस्ता’ म्हणजे ‘पर्यंत’, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. पण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या बोलीत त्याने कृतीची सुरुवातही दाखवतात. ‘आब्रेन आस्ता लास ८’ याचा तिथला अर्थ ‘आठ वाजेपर्यंत उघडत नाहीत’ असा होतो. मग ‘तोमे आस्ता लास ८’ या सूचनेचा अर्थ आठपर्यंत घ्या, की आठ वाजल्यावर घ्या? ‘आठच्या आधी घेऊ नका’ किंवा ‘आठनंतर घेऊ नका’ यांपैकी जे मुळात असेल ते नकारार्थी रूपात लिहा, म्हणजे दुसरा अर्थ उरत नाही.

‘बिसेमानाल’ हा आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा या दोन्ही अर्थांनी चालतो. इंग्रजी मूळ शब्दही तसाच दुतोंडी आहे, त्यामुळे भाषांतरकाराने तो जसाच्या तसा उतरवला की गोंधळ दोन्ही भाषांत कायम राहतो. अशा वेळी अंदाज करू नका. डॉक्टरांसाठीच्या माहितीपत्रकातली मात्रा बघा आणि क्लायंटला विचारा.

मेथोट्रेक्सेटसारख्या औषधात संधिवातासाठी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि ती रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये याच चुकीसाठी जादा उपाय सांगितले. अशा पत्रकात ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द प्रत्येक ठिकाणी आहेत का, एखाद्या वाक्यात सवयीने ‘अल दिआ’ तर घुसलं नाही ना, हे स्वतंत्र फेरीत बघा.

‘दिवसाला २० मि.ग्रॅ. दोन डोसमध्ये’ यात काय चुकीचं आहे?

यातून २० ही बेरीज आहे की प्रत्येक डोस, ते कळत नाही. स्पॅनिशमध्ये हे वाक्य हमखास असं येतं:

```
Tome 20 mg al día en dos tomas.
```

औषधाच्या धंद्यातला माणूस १० अधिक १० असं वाचेल. घरी २० मि.ग्रॅ.ची गोळी असलेला रुग्ण दोन वेळा एकेक गोळी घेईल, म्हणजे ४० मि.ग्रॅ. आधी एका वेळची मात्रा, मग वेळा, आणि शेवटी बेरीज असा क्रम ठेवा:

```
Tome 10 mg dos veces al día (20 mg en total al día).
```

एवढ्यावर थांबू नका. गोळी ५ मि.ग्रॅ.ची असेल तर रुग्णाला मि.ग्रॅ.पेक्षा ‘दोन गोळ्या’ हे जास्त कळतं. ताकद आणि गोळ्यांची संख्या दोन्ही दिलेली असतील तर गुणाकार करून बघा. पत्रकात नंतर गोळीची ताकद बदलली आणि संख्या तशीच राहिली, असं प्रत्यक्षात होतं.

दशांशाचा बिंदू की स्वल्पविराम?

पत्रक कोणत्या देशासाठी आहे त्यावर ठरतं. स्पेनमध्ये अडीच मि.ली. स्वल्पविरामाने लिहितात; मेक्सिकोत आणि अमेरिकेत बिंदूने. एकाच पत्रकात दोन्ही नकोत. पण खरा धोका हजाराच्या खुणेत आहे. इंग्रजीतलं `1,000 mg` स्पेनच्या पत्रकात तसंच राहिलं तर ते ‘एक मि.ग्रॅ.’ वाचलं जाऊ शकतं, आणि जुन्या स्पॅनिश पद्धतीचं `1.000 mg` अमेरिकेतल्या फार्मसिस्टला ‘एक’ दिसेल. स्पॅनिश अकादमीच्या नियमाप्रमाणे चार आकडी संख्येत खूणच नसते: `1000 mg` लिहा. त्याहून मोठ्या संख्येत न तुटणारी मोकळी जागा सोडा.

मजकूर साध्या फाइलमध्ये काढला की खूण असलेल्या सगळ्या संख्या एका आदेशात समोर येतात:

```
grep -nE '[0-9]+[.,][0-9]+' prospecto.txt
```

प्रत्येक ओळ मुळाशी ताडा. सोबत मायक्रोग्रॅमचं चिन्ह कुठे आहे तेही बघा. ते ‘मिक्रोग्रामोस’ असं अक्षरी लिहिलेलं बरं. इन्सुलिनच्या पत्रकात ‘युनिट’साठी एकटं `U` नको, कारण `10U` घाईत शंभर दिसतं.

एकाच पत्रकात ‘पारासेतामोल’ आणि ‘आसेतामिनोफेन’ दोन्ही आहेत. अर्थ तर एकच, मग हरकत काय?

आपल्याकडे पॅरासिटामॉल हेच नाव घराघरांत असल्यामुळे ‘पारासेतामोल’ दिसलं की आपली नजर पुढे सरकते. अमेरिकेतल्या डब्यांवर मात्र ‘आसेतामिनोफेन’ छापलेलं असतं. समजा पत्रकाच्या पहिल्या भागात आसेतामिनोफेन आहे आणि इशाऱ्यात लिहिलंय की पारासेतामोल असलेलं दुसरं औषध घेऊ नका. आई सर्दीच्या बाटलीवर आसेतामिनोफेन वाचते, ते पारासेतामोल नाही असं समजते आणि दोन्ही देते. ज्या वाक्याने दुहेरी डोस टाळायचा, त्याच वाक्याने तो घडतो, आणि यकृताला इजा होते.

उलट बाजूही आहे. स्पेनमध्ये मुलांचं हेच औषध १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. अशा ताकदीतही मिळतं. अमेरिकन बाटलीत १ मि.ली.मध्ये ३२ मि.ग्रॅ. असतं. गावाहून आणलेली बाटली आणि इथलं पत्रक एकत्र आलं तर ५ मि.ली.मध्ये तिपटीहून जास्त औषध जाईल. म्हणून नावाशेजारी ताकद हवीच.

नियम असा ठेवा: बाजारपेठेत डब्यावर जे नाव आहे तेच पत्रकभर वापरायचं. अमेरिकेसाठी आसेतामिनोफेन, पहिल्या उल्लेखात आणि ‘सोबत घेऊ नका’ या इशाऱ्यात ‘यालाच पारासेतामोलही म्हणतात’ असं जोडायला सुचवायचं. स्पेनसाठी फक्त पारासेतामोल. स्पेनमधलं अधिकृत नाव तिथल्या औषध संस्थेच्या `CIMA` या खुल्या शोधपानावर बघता येतं आणि मंजूर पत्रकंही तिथे वाचता येतात.

अशाच इतर जोड्या: सालबुतामोल आणि आल्बुतेरोल, आद्रेनालिना आणि एपिनेफ्रिना, ग्लिबेनक्लामिदा आणि ग्लिबुरिदा, रिफाम्पिसिना आणि रिफाम्पिना. या प्रत्येकात औषध एकच, नावं दोन.

नावांचा शोध कसा घ्यायचा?

आधी मूळ इंग्रजीतून सगळ्या औषधांची यादी करा: पत्रकाचं औषध, सोबत न घ्यायची औषधं, ब्रँड. प्रत्येकासमोर बाजारपेठेचं एकच स्पॅनिश नाव लिहा. मग नावाची सगळी रूपं एकत्र शोधा, आघातचिन्ह सुटलेलं रूपसुद्धा:

```
grep -noiE 'acetaminof(e|é)n|paracetamol' prospecto.txt
```

किती वेळा काय आलं ते मोजा आणि इंग्रजीतल्या संख्येशी ताडा. इंग्रजीत नाव नऊ वेळा आणि स्पॅनिशमध्ये सात वेळा आलं, तर उरलेल्या दोन जागी बहुधा ‘एस्ते मेदिकामेन्तो’, म्हणजे ‘हे औषध’, आलेलं असतं. ते चालतं, पण मागच्याच वाक्यात दुसऱ्या औषधाचा उल्लेख असेल तर ‘हे’ कोणतं, हा प्रश्न उभा राहतो. तिथे नाव परत लिहा.

शोध कधी फसतो? ओळीच्या शेवटी शब्द तुटून जोडरेघ आली तर, आणि मजकूर चित्रात असेल तर. डब्याचं चित्र आणि तक्त्याचं शीर्षक डोळ्यांनीच वाचावं लागतं.

दोन नावं दिसली की नेहमी एक करायची का?

मुळीच नाही. ‘प्रेद्निसोना’ आणि ‘प्रेद्निसोलोना’ ही दोन वेगळी औषधं आहेत. एकसारखेपणाच्या नादात ती एक करणं ही पहिल्यापेक्षा मोठी चूक. ‘आम्लोदिपिनो’ आणि ‘आम्लोदिपिना’ मात्र एकच, शेवट देशागणिक बदलतो. खात्री करायला जागतिक आरोग्य संघटनेचं आंतरराष्ट्रीय नाव शोधा, त्याचं स्पॅनिश रूप तिथेच ठरलेलं असतं. क्षाराचं नाव जोडलेलं असेल तर तेही जपून ठेवा: मात्रा क्षाराची सांगितली आहे की मूळ औषधाची, त्यावर मि.ग्रॅ.चा आकडा बदलतो.

इंग्रजी शब्द तसाच राहणं ही फक्त दिसायला वाईट अशी चूक आहे ना?

एका शब्दाबाबत ती जिवावरची आहे. इंग्रजीत ‘एकदा’साठी जो शब्द आहे, `once`, तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ म्हणून वाचतात आणि अर्थ होतो अकरा. अर्धवट भाषांतर झालेल्या लेबलवर तो राहिला तर दिवसातून एक गोळी अकरा होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या दुकानांमध्ये संगणकाने तयार होणाऱ्या स्पॅनिश लेबलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ७६ लेबलांपैकी निम्म्यात चुका होत्या, आणि बहुतेक अशाच अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या स्पॅनिश. त्यामुळे स्पेलचेकरवर विसंबू नका: स्पॅनिश कोशाला हा शब्द बरोबरच वाटतो. स्वतंत्रपणे शोधा आणि प्रत्येक ठिकाणी खरंच अकरा अभिप्रेत आहे का ते बघा.

उलट भाषांतर करून घेतलं तर पुरेल?

शब्द गळालेत का ते कळेल, संदिग्धता कळणार नाही. ‘सु पेसो’चं उलट भाषांतर करणारा एक अर्थ निवडतो आणि तो बहुधा बरोबरचाच असतो, कारण त्याला औषध कळतं. ‘कादा तेर्सेर दिआ’ मेक्सिकोच्या माणसाकडे गेलं तर सगळं ठीक दिसेल. त्यापेक्षा डोसचा भाग दोन वेगळ्या देशांतल्या, वैद्यकाशी संबंध नसलेल्या वाचकांना द्या आणि सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय घ्याल ते लिहून मागा.

चूक सापडली की थेट दुरुस्त करायची का?

भाषांतर मुळाशी उघडपणे विसंगत असेल (कुचारादा, गळालेलं ‘गरज असल्यास’) तर दुरुस्त करा, बदल दिसेल असा ठेवा आणि कारण लिहा. मूळच दुअर्थी असेल किंवा मंजूर मजकुराचे शब्द बदलावे लागत असतील, तर हात लावू नका, क्वेरी पाठवा. चांगल्या क्वेरीत दोन्ही अर्थ आकड्यांत असतात. ‘वाक्य अस्पष्ट वाटतं’ एवढंच लिहिलं तर प्रोजेक्ट मॅनेजर ‘जसं आहे तसं ठेवा’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी असं लिहा: ‘विभाग ३, ओळ २. पहिला अर्थ दिवसाला २० मि.ग्रॅ., दुसरा ४० मि.ग्रॅ. डॉक्टरांच्या पत्रकात २० आहे. सुचवलेलं वाक्य सोबत.’

पानाची मांडणी झाल्यावर पुन्हा वाचावं लागतं का?

डोसचा भाग आणि तक्ता तरी नक्की. स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होतो, ओळी सरकतात, आणि ‘5’ एका ओळीत व ‘mL’ दुसऱ्या ओळीत जातं. आकडा आणि एकक यांच्यामध्ये न तुटणारी जागा आहे ना ते बघा. ‘नो’ हा नकार ओळीच्या टोकाला एकटा पडला असेल तर तो खाली आणायला सांगा. तक्त्यात वजनाची ओळ आणि मि.ली.ची ओळ एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून तपासा, कारण लांब स्पॅनिश शीर्षकामुळे एक रकाना दोन ओळींचा झाला की खालचे आकडे एका घराने घसरतात. शेवटी सोबतच्या पिचकारीचं किंवा कपाचं चित्र मागवा. पत्रकात २.५ मि.ली. सांगितलंय आणि कपावर ती खूणच नाही, असं आढळलं तर तीही क्वेरीच आहे.